‘Try again later’ : ‘नंतर’ म्हणजे नेमके किती वेळाने?

प्रश्न : काल रात्री ९:१२ ला नव्या फोनवर माझे जुने खाते उघडायला गेलो. कोड आला नाही म्हणून ‘पुन्हा पाठवा’ चार वेळा दाबले. ९:१७ ला पाचव्यांदा दाबल्यावर ‘Try again later’ असे उत्तर आले. पावणेदहाला चार मेसेज एकदम आले, ते चारही कोड टाकून पाहिले, एकही चालला नाही. मग रात्री एक वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी प्रयत्न करत राहिलो. झोपून उठल्यावर सकाळी ७:०५ ला पुन्हा केला, तरी तेच उत्तर. आता किती वेळ थांबू?

उत्तर : उद्या सकाळी साडेसातपर्यंत त्या ॲपला हात लावू नका आणि मग एकदाच कोड मागा. तुम्ही शेवटचे बटण आज सकाळी ७:०५ ला दाबले आहे. तेथून पूर्ण चोवीस तास आणि वर थोडी सूट, असा हा हिशेब आहे. चोवीस हा आकडा मी सवयीने सांगत नाही. तुम्ही दिलेल्या वेळांतूनच तो निघतो आणि तो कसा निघतो हे पाहिले, तर पुढच्या वेळी स्वतःचे उत्तर स्वतःच काढता येईल. लॉगिनची व्यवस्था सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या बाजूला मी बरीच वर्षे काम करतो, म्हणून त्या बाजूने काय दिसते तेथपासून सुरुवात करतो.

कोड मागणारी प्रत्येक विनंती सर्व्हरवर पोहोचली की तिची नोंद होते, आणि ती एकाच नव्हे तर तीन-चार खात्यांवर होते: एक तुमच्या फोन नंबरच्या नावावर, एक त्या फोनच्या म्हणजे उपकरणाच्या नावावर, एक तुम्ही ज्या इंटरनेट पत्त्यावरून आलात त्याच्या नावावर. प्रत्येक खात्याला ‘इतक्या वेळात इतक्याच विनंत्या’ अशी मर्यादा असते. यांपैकी कोणतीही एक मर्यादा ओलांडली की मेसेज पाठवणे थांबते आणि तुम्हाला ते मोघम वाक्य दिसते. ते मोघम असते, कारण मर्यादा नेमकी कोणती आणि ती कधी सुटणार हे सांगितले की त्याचा पहिला फायदा गैरवापर करणाऱ्याला होतो. ज्यांचा उद्देश चांगला असतो त्यांची यात फरफट होते, हे मान्य करायला हवे. पण मेसेजमागे पैसे मोजावे लागत असल्यामुळे आणि केवळ मेसेजची संख्या फुगवून त्यावर कमाई करणाऱ्या टोळ्या अस्तित्वात असल्यामुळे मर्यादा न ठेवणे कोणालाच परवडत नाही.

हा कालावधी प्रत्येक सेवेत वेगळा असतो. ट्विलिओ ही कंपनी इतर ॲपांसाठी कोड पाठवण्याचे काम करते. तिच्या व्यवस्थेत एका पडताळणीसाठी दहा मिनिटांत पाच वेळा कोड पाठवता येतो, त्यापुढे नकार मिळतो. ॲमेझॉनच्या कॉग्निटो या सेवेत पासवर्ड बदलण्याचा कोड तासाला ५ ते २० वेळा मागता येतो आणि नेमका आकडा विनंती किती संशयास्पद वाटते त्यावर ठरतो. तिचे नकाराचे वाक्यही पाहण्यासारखे आहे: `Attempt limit exceeded, please try after some time.` टेलिग्रामची यंत्रणा मात्र आतल्या आत `FLOOD_WAIT_X` असा संदेश देते, ज्यात X च्या जागी किती सेकंद थांबायचे तो आकडाच असतो. म्हणजे दहा मिनिटे, एक तास आणि एक दिवस या तीन पायऱ्या मनात धरल्या, तर बहुतेक व्यवस्था त्यांपैकी एखाद्या पायरीवर बसतात. अनेक ठिकाणी या तीनही मर्यादा एकावर एक लावलेल्या असतात, तासाची सुटली तरी दिवसाची शिल्लक राहते.

आता खरा गुंता पाहू. मर्यादा ओलांडल्यानंतर तुम्ही केलेला प्रयत्न, ज्याला नकार मिळाला, तो मोजला जातो का? काही व्यवस्थांत तो मोजला जात नाही. फक्त प्रत्यक्ष पाठवलेले मेसेज मोजले जातात. काही व्यवस्थांत दारावर पडलेली प्रत्येक थाप मोजली जाते, दार उघडले असो वा नसो. तिसरा प्रकार आणखी कडक आहे: त्यात नकार मिळाला की कुलूप लागते आणि कुलपाच्या काळात पुन्हा विनंती आली की घड्याळ पहिल्यापासून सुरू होते. बाहेरून हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. म्हणूनच थांबण्याचा वेळ पहिल्या प्रयत्नापासून मोजायचा नसतो, शेवटच्या प्रयत्नापासून मोजायचा असतो. त्यामुळे तीनही प्रकारांत आपण सुरक्षित राहतो.

तुमच्या वेळा या चौकटीत ठेवून पाहू. ९:१२ ची पहिली विनंती आणि त्यानंतरची चार, अशा पाच विनंत्या मान्य झाल्या. ९:१७ ची सहावी नाकारली गेली. म्हणजे मर्यादा पाचाची आहे असे धरायला हरकत नाही. समजा कालावधी एका तासाचा होता आणि नाकारलेले प्रयत्न मोजले जात नव्हते. मग सर्व्हरने कोणत्याही क्षणी मागे वळून फक्त शेवटची साठ मिनिटे पाहिली असती. १०:१२ ला पहिली विनंती त्या साठ मिनिटांच्या बाहेर गेली असती आणि एक जागा रिकामी झाली असती. तुम्ही ९:१७ नंतर दर दहा मिनिटांनी प्रयत्न करत होतात, म्हणजे १०:१७ चा प्रयत्न यशस्वी व्हायला हवा होता. तो झाला नाही. तेव्हा ही शक्यता बाद झाली.

आता समजा कालावधी तासाचाच होता, पण नाकारलेले प्रयत्नही मोजले जात होते. दर दहा मिनिटांनी एक प्रयत्न म्हणजे तासाला सहा प्रयत्न आणि मर्यादा पाचाची. असे असेल तर तुम्ही रात्रभर जागून दर दहा मिनिटांनी बटण दाबत राहिला असतात, तरी दार कधीच उघडले नसते, कारण प्रत्येक नवा प्रयत्न जुन्याची जागा भरून काढतो. रात्रीचा एक वाजेपर्यंतचा अनुभव या शक्यतेशी अगदी जुळतो. गंमत अशी की दर पंधरा मिनिटांनी एक प्रयत्न केला असता तर अशा व्यवस्थेत तुम्ही सुटला असतात, कारण मग तासात चारच नोंदी राहिल्या असत्या. दहा आणि पंधरा मिनिटांतला हा फरक बाहेरून कोणालाही दिसत नाही. ‘मी तर व्यवस्थित थांबत होतो’ असे म्हणणारा माणूस प्रामाणिकपणे बोलत असतो, पण तो स्वतःच स्वतःची रांग लांबवत असतो.

मात्र तुमची झोप येथे पुराव्यासारखी उपयोगी पडली. रात्री १२:५७ च्या सुमारास तुम्ही शेवटचा प्रयत्न केलात आणि त्यानंतर थेट ७:०५ ला. मध्ये सहा तासांहून अधिक काळ पूर्ण शांतता होती. तासाचा कालावधी असता तर, नाकारलेले प्रयत्न मोजले जात असोत वा नसोत, घड्याळ पहिल्यापासून सुरू होत असो वा नसो, ७:०५ ला दार उघडलेच असते. ते उघडले नाही. याचा अर्थ तुमच्यावर लागलेली मर्यादा सहा तासांपेक्षा मोठी आहे, आणि सहा तासांच्या वरची नेहमीची पायरी म्हणजे एक दिवस. चोवीस तास आले ते येथून.

मग मोजणी आज सकाळपासून का, काल रात्रीपासून का नाही, असे तुम्ही विचाराल. दिवसाच्या मर्यादेत फक्त पाठवलेले मेसेज मोजले जात असतील, तर पहिली जागा आज रात्री ९:१२ ला मोकळी होईल. नाकारलेले प्रयत्नही मोजले जात असतील, तर रात्री सव्वानऊ ते एक या वेळात तुम्ही केलेले वीस-बावीस प्रयत्न एकेक करून गळत जातील आणि साधारण उद्याच्या पहाटेआधी, मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने, शिल्लक नोंदी पाचाच्या खाली येतील. आणि प्रत्येक प्रयत्नाने घड्याळ नव्याने सुरू होत असेल, तर सुटका उद्या सकाळी ७:०५ ला होईल. आज रात्री साडेनऊला प्रयत्न करण्याचा मोह होईल आणि पहिली शक्यता खरी असेल तर तो यशस्वीही होईल. पण तिसरी शक्यता खरी असेल, तर त्या एका प्रयत्नाची किंमत आणखी चोवीस तास आहे. म्हणजे दहा तास वाचवण्याच्या आशेवर चौदा-पंधरा तास जास्त घालवण्याची जोखीम घ्यायची. खाते आज रात्रीच हवे असे काही अडलेले नसेल, तर मी स्वतः साडेसातच निवडेन. ७:०५ ऐवजी साडेसात अशासाठी, की काही व्यवस्थांत मोजणी थोड्या विलंबाने साफ होते आणि तुमचे घड्याळ व सर्व्हरचे घड्याळ मिनिटाला मिनिट जुळेल याची खात्री नसते.

मध्यरात्रीची वाट पाहू नका. ‘बारा वाजले की नवा दिवस सुरू होतो आणि मर्यादा शून्यावर येते’ हा समज सर्वत्र आढळतो. ज्या व्यवस्थेत दिवस ठरलेल्या वेळी बदलतो तेथेही तो बहुधा ग्रीनिच वेळेप्रमाणे बदलतो, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे नाही. आणि मागचे चोवीस तास मोजणाऱ्या व्यवस्थेत मध्यरात्रीला काहीच अर्थ नसतो.

तुमच्यासारखी सहा तासांची शांतता ज्यांच्या वाट्याला आलेली नाही, ज्यांना ते वाक्य आत्ताच पहिल्यांदा दिसले आहे, त्यांच्यासाठी माझा क्रम वेगळा आहे. पडद्यावर वेळ किंवा उलटी मोजणी दिसत असेल, तर ती शब्दशः पाळावी आणि वर दोन मिनिटे सोडावीत. वेळ दिसत नसेल, तर शेवटच्या बटणापासून पूर्ण एक तास काहीही न करता थांबावे आणि मग एक प्रयत्न करावा. तोही नाकारला गेला, तर मधल्या पायऱ्या न चढता सरळ चोवीस तास थांबावे. दोन तास, मग तीन तास, मग पाच तास असे चाचपडत जाण्याने दिवसाची मर्यादा भरत जाते आणि काही व्यवस्थांत प्रत्येक नकारानंतर पुढचे कुलूप आधीच्या दुप्पट वेळेचे लागते.

‘काहीही न करता’ हे शब्द मात्र काटेकोरपणे घ्यायला हवेत, कारण सगळे प्रयत्न बटण दाबून होत नाहीत. अनेक ॲपांत नंबर टाकून ‘पुढे’ म्हटले की कोडची विनंती आपोआप जाते. तेथे ‘पुन्हा पाठवा’ला हात न लावताही तुमच्या नावावर एक नोंद पडते. ‘फक्त उघडून पाहिले, काही दाबले नाही’ असे सांगणाऱ्यांच्या नोंदी मी तपासल्या आहेत आणि त्यांत दर अर्ध्या तासाला एक विनंती सापडली आहे. ब्राउझरमध्ये पान ताजे केले, तर आधीचा फॉर्म पुन्हा सर्व्हरकडे जाऊ शकतो. ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का’ अशी चौकट येते ती याच कारणाने. पार्श्वभूमीला अर्धवट अवस्थेत ठेवलेले ॲपही नेटवर्क परत आले की स्वतःहून प्रयत्न करू शकते. म्हणून ॲप अलीकडच्या ॲपांच्या यादीतून काढून पूर्ण बंद करावे, ब्राउझरमधील तो टॅब बंद करावा, आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा टॅबलेटवर तोच नंबर टाकून ‘तेथे चालते का’ हे पाहू नये. नंबरच्या नावावरची मर्यादा उपकरण बदलल्याने सुटत नाही. उलट त्या दुसऱ्या उपकरणाच्या नावावरही नोंद सुरू होते.

याच कारणाने ॲप काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला मी देत नाही. एखाद्या व्यवस्थेत उपकरणाची ओळख ॲपसोबत पुसली जाते आणि तेवढ्यापुरते काम होतेही, पण तुमच्या बाबतीत मर्यादा नंबरवर असण्याची शक्यता मोठी आहे आणि नवे ॲप उघडताच नंबर विचारेल. व्हीपीएनचेही तसेच. तेथून मिळणारा इंटरनेट पत्ता शेकडो अनोळखी लोक वापरत असतात, त्यांच्यातल्या कोणी केलेल्या गैरवापराची शिक्षा तुम्हालाही मिळते. व्हीपीएन सुरू असेल तर उद्याच्या प्रयत्नाआधी तो बंद करा.

मर्यादा नंबरवर नसून इंटरनेट पत्त्यावर आहे असे ओळखायचे एक चिन्ह आहे: तुम्ही कित्येक दिवसांत एकही कोड मागितलेला नसतो आणि पहिल्याच विनंतीला नकार येतो. वसतिगृहात, कचेरीत, सार्वजनिक वायफायवर आणि मोबाइल डेटावरही पुष्कळ लोक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात, तेव्हा दुसऱ्यांनी भरलेली मर्यादा तुमच्या आड येते. अशा वेळी थांबण्यापेक्षा वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून, किंवा डेटा बंद करून वायफायवरून, एकच प्रयत्न करावा. तुमच्या बाबतीत पहिले पाच मान्य झाले होते, म्हणून हे कारण लागू नाही आणि जोडणी बदलून प्रयत्न करण्याने काही मिळणार नाही.

पावणेदहाला आलेल्या चार मेसेजांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्या प्रकाराचे मूळ तेथे आहे. तुम्ही विनंती केली की सर्व्हर मेसेज लगेच रवाना करतो आणि त्याच्या दृष्टीने काम संपते. पुढे तो मेसेज मोबाइल कंपनीच्या मेसेज केंद्रात जातो. फोन त्या क्षणी नेटवर्कवर सापडला नाही, तर केंद्र तो ठेवून घेते आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करते. नव्या फोनमध्ये सिम नुकतेच घातले असेल, तर ही अडचण येऊ शकते. तुमचे पाचही मेसेज तेथे साठून राहिले असणार आणि नेटवर्क जागेवर आल्यावर चार एका झटक्यात सुटले. एक हरवला, तसे होते. या मेसेजांच्या क्रमाचीही खात्री नसते. सर्वांत खाली दिसणारा मेसेज सर्वांत नवा असेलच असे नाही.

ते कोड न चालण्याचे कारण त्यांचे आयुष्य. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शक नियमांत अशा कोडसाठी दहा मिनिटांची कमाल मुदत सांगितली आहे आणि बहुतेक सेवा पाच किंवा दहा मिनिटेच ठेवतात. ९:१६ ला मागितलेला कोड ९:४५ ला टाकला, तर तो योग्य असूनही मेलेला असतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी नवा कोड निघाला की आधीचा रद्द होतो. ट्विलिओसारख्या काही ठिकाणी मुदत संपेपर्यंत तोच कोड पुन्हा पाठवला जातो. तुमचे चारही मेसेज अजून फोनमध्ये असतील तर पाहा: चारही आकडे वेगवेगळे असतील तर तुमची सेवा पहिल्या प्रकारची आहे, आणि मग शेवटचा सोडून इतर तीन कोड वेळेत आले असते तरी निरुपयोगीच होते.

येथे आणखी एक नोंद पडली आहे, जी तुमच्या लक्षात आली नसेल. चुकीचा कोड टाकण्याची मोजणी कोड मागण्याच्या मोजणीहून वेगळी असते आणि सहसा अधिक कडक असते. सहा आकडी कोडच्या दहा लाख शक्यता असतात. अंदाज बांधायला अमर्याद संधी दिली तर तो कोड काही उपयोगाचा राहणार नाही. म्हणून तीन, पाच किंवा दहा चुकांनंतर ती पडताळणीच बंद केली जाते. तुम्ही एकामागोमाग चार मेलेले कोड टाकलेत, तेव्हा सर्व्हरला दिसले ते असे: पाच वेळा कोड मागवणारा, मग चार चुकीचे अंदाज करणारा, अनोळखी फोन. त्यानंतर तासाऐवजी दिवसाचे कुलूप लागले असेल तर मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. शिळे कोड टाकून पाहणे हा निरुपद्रवी प्रयोग नसतो.

संगणकावर ब्राउझरमधून प्रयत्न करत असाल, तर सर्व्हरने थांबण्याचा वेळ छुप्या रीतीने सांगितला आहे का हे पाहता येते. डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क हा भाग आधी उघडून ठेवावा आणि मग ठरलेला तो एकच प्रयत्न करावा. नकार मिळाल्यास त्या विनंतीच्या उत्तरात असे काही दिसू शकते:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 3600
```

४२९ हा क्रमांक ‘विनंत्या फार झाल्या’ यासाठी २०१२ मध्ये मानकात आला आणि खालच्या ओळीतला आकडा सेकंदांचा असतो; ३६०० म्हणजे एक तास. आकड्याऐवजी तारीख आणि वेळ असेल तर ती ग्रीनिच वेळ समजावी. ही दुसरी ओळ देणे सर्व्हरवर बंधनकारक नाही आणि पुष्कळ ठिकाणी ती नसते, पण असली तर इतर सर्व अंदाज बाजूला ठेवून तीच पाळावी. केवळ ही ओळ पाहण्यासाठी जादा प्रयत्न मात्र करू नये.

उद्या साडेसातचा प्रयत्न एकच असल्यामुळे त्याआधीची तयारी नीट करा. सिम नव्या फोनमध्ये स्थिर झाले आहे का हे पाहण्यासाठी एखाद्या परिचिताला त्या नंबरवर साधा मेसेज पाठवायला सांगा आणि तो मिनिटभरात येतो का पाहा. तो येत नसेल तर कोडही येणार नाही आणि प्रयत्न वाया जाईल. मेसेजच्या ॲपमध्ये स्पॅम आणि अडवलेल्या नंबरांचा कप्पा एकदा उघडून बघा. देशाचा क्रमांक वेगळ्या रकान्यात निवडलेला असेल तर तोच पुन्हा नंबरमध्ये लिहू नका आणि नंबरच्या आधी शून्य लावू नका. सेवेने ईमेल किंवा आधीच्या फोनवरील सूचना असा दुसरा मार्ग दिला असेल, तर तो मेसेजआधी वापरा. ‘फोन करून कोड सांगा’ हा पर्याय मात्र बहुधा त्याच मर्यादेत मोजला जातो, त्यामुळे तो जादा संधी आहे असे समजू नका.

कोड मागितल्यावर पडदा तसाच उघडा ठेवा आणि मेसेज आला नाही तरी निदान दोन मिनिटे ‘पुन्हा पाठवा’ दाबू नका. त्या वेळात विमान मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद करा, म्हणजे फोन नेटवर्कवर नव्याने नोंद होतो आणि केंद्रात अडकलेला मेसेज सुटण्याची शक्यता वाढते. तरीही न आल्यास एकदाच पुन्हा पाठवा आणि पुढची दहा मिनिटे थांबा. दोन मेसेज आले तर त्यांवरची वेळ पाहून नंतर पाठवलेला कोड टाका. वेळ दोन्हींवर सारखीच दिसत असेल तर घाई न करता एकेक टाका. दोन चुकांनी कुलूप लागण्याची शक्यता कमी असते, चार चुकांनी बरीच जास्त.

जुना फोन हाताशी असेल आणि त्यात खाते अजून उघडलेले असेल, तर खरे म्हणजे उद्यापर्यंत थांबायचीही गरज नाही. तेथील सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ऑथेंटिकेटर ॲप जोडता येते का ते पाहा. त्या ॲपमधील कोड फोनमध्येच तयार होतो आणि दर तीस सेकंदांनी बदलतो; कोणी कोणाला काही पाठवत नसल्यामुळे पाठवण्याची मर्यादा त्याला लागत नाही. चुकीचे कोड टाकण्याची मर्यादा मात्र तेथेही असते आणि फोनचे घड्याळ आपोआप जुळवण्यावर नसेल तर बरोबर दिसणारा कोडही चुकीचा ठरतो. खाते उघडताना राखीव कोडांचा कागद मिळाला असेल, तर तोही याच कामासाठी असतो.

उद्या साडेसातला, तुमच्याकडून पूर्ण चोवीस तासांची शांतता पाळली गेल्यानंतरही पहिल्याच विनंतीला तेच उत्तर आले, तर वेळेचा प्रश्न उरत नाही. मग दोन शक्यता राहतात. एक, तुमचा नंबर दुसरे कोणीतरी टाकत आहे आणि मर्यादा तो भरत आहे. अशा वेळी तुम्ही न मागितलेले कोड तुमच्या फोनवर आलेले दिसतील, ते कोणालाही सांगू नका. दोन, तो नकार वेळेचा नसून नंबर किंवा उपकरण सरळ अडवले गेले आहे आणि ‘Try again later’ हे त्यावरचे सभ्य पांघरूण आहे. काही व्यवस्था दोन्हींसाठी एकच वाक्य वापरतात. ॲप बनवणाऱ्यांसाठी असलेल्या गूगलच्या फायरबेस या सेवेचा `auth/too-many-requests` हा संदेश उपकरणावरून असामान्य हालचाल दिसल्यामुळे विनंत्या अडवल्याचे सांगतो आणि शेवटी नंतर प्रयत्न करा असेही म्हणतो. तेव्हा आणखी थांबू नका, त्या सेवेच्या मदत विभागाला लिहा. ‘कोड येत नाही’ एवढेच लिहिले तर मेसेज तपासा असे ठरावीक उत्तर परत येईल. त्याऐवजी देशाच्या क्रमांकासह नंबर, शेवटच्या तीन प्रयत्नांच्या तारखा व वेळा आणि तुमचा वेळ-विभाग, पडद्यावरचे वाक्य जसेच्या तसे, आणि मध्ये किती तास एकही प्रयत्न केला नव्हता हे लिहा. शेवटची माहिती फार उपयोगाची असते, कारण नोंदी उघडणाऱ्या माणसाला त्या शांत चोवीस तासांत तुमच्या नंबरवर कोणाच्या विनंत्या पडल्या आहेत हे लगेच शोधता येते. कोड स्वतः मात्र त्या पत्रात लिहू नका, मुदत संपलेला असला तरी.